शोकाच्या वर्षातील दिवाळीच्या दोन ओळी

१/
यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रसची एक तरुणी पुण्यातील एका कचेरीत काम करते. तिच्या कामाचा अर्धा भाग जपानमधील कोबे शहरात बसलेल्या एका सहकाऱ्याबरोबर चालतो. दिवाळीच्या सुटीपूर्वी त्याला चार दिवसांच्या अनुपस्थितीची सूचना द्यायची होती, आणि त्यासोबत सणाविषयी दोन ओळी लिहाव्यात असे तिला वाटले. काम दहा मिनिटांचे होते. प्रत्यक्षात तिला तीन संध्याकाळी लागल्या. त्या दोन ओळी कशा घडल्या आणि त्यांच्यामागे इतिहासाचे किती थर होते, त्याचा हा धागा.

२/
कोबे हे नाव वऱ्हाडाला तसे परके नाही. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने आणि निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीच्या सहकार्याने मुंबई आणि जपान यांच्यात नियमित जहाजसेवा सुरू झाली. तिचे मुख्य कारण कापूस. वऱ्हाडातील आखूड धाग्याचा कापूस जपानच्या सूतगिरण्यांना हवा होता. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ बांधली गेली तीही कापसाच्या गाठी मुख्य रेल्वेपर्यंत पोचवण्यासाठी. या व्यापाराचा पत्रव्यवहार भाव, वजन आणि गाठींची संख्या यांचा होता. एका माणसाने दुसऱ्याला आपला सण सांगावा, असा प्रसंग त्या कागदांत क्वचितच आला असेल.

३/
तिचा पहिला मसुदा सर्वांना पाठ असलेलाच होता. ‘दिवाळी हा प्रकाशाचा सण आहे. वाईटावर चांगल्याने मिळवलेल्या विजयाचे ते प्रतीक आहे.’ वाक्ये चुकीची नव्हती, पण ती तिच्या घरची नव्हती. प्रभू रामचंद्र अयोध्येस परतले म्हणून दीप उजळले, ही कथा उत्तर भारतात दिवाळीच्या केंद्रस्थानी आहे. मराठी घरातील दिवाळी वसुबारसेला गाय-वासराच्या पूजेने सुरू होते, नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानाने पुढे सरकते आणि लक्ष्मीपूजनानंतर पाडव्याला बळीराजापाशी येते.

४/
आणि बळीपाशी आले की ‘वाईटावर चांगल्याचा विजय’ हे सूत्र अडखळते. पुराणकथेत बळी हा असुर आहे आणि वामनाने त्याला पाताळात घातले आहे. तरीही पाडव्याला मराठी माणूस वामनाच्या विजयाचा जयजयकार करीत नाही. इडा पिडा टळो आणि बळीचे राज्य येवो, हीच त्या दिवसाची प्रार्थना आहे. वर्षातून या दिवसांपुरते बळीला राज्य परत मिळते, अशी श्रद्धा त्यामागे आहे. म्हणजे ज्याला घालवले त्याचीच वाट पाहण्याचा हा दिवस. हे दोन ओळींत कसे मावणार? तिने पहिला मसुदा पुसला.

५/
दुसऱ्या मसुद्यात तिने लक्ष्मीचा आधार घेतला. तो मोहक होता. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे अनेक भारतीय देवता जपानला पोचल्या आणि तेथे नावे बदलून स्थिरावल्या. सरस्वती तेथे बेन्झाइतेन झाली, कुबेर बिशामोनतेन झाला आणि लक्ष्मी किचिजोतेन झाली. नारा येथील याकुशिजी मंदिरात किचिजोतेनचे आठव्या शतकातील चित्र आजही जपलेले आहे. तागासारख्या धाग्याच्या कापडावर रंगवलेली ती देवी हातात चिंतामणी रत्न घेऊन उभी आहे. जपानी परंपरेत तिला बहुधा बिशामोनतेनची पत्नी मानतात. लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर आपण लक्ष्मीसोबत कुबेरालाही मान देतो. हे साम्य सांगितले तर सहकाऱ्याला आनंद होईल, असे तिला वाटले.

६/
मात्र ‘किचिजो’ या शब्दाचा अर्थच ‘मंगल’, ‘शुभसूचक’ असा आहे. तो अर्थ शब्दकोशात वाचताना तिचा हात थांबला. कारण त्या वर्षी वसंत ऋतूत त्या सहकाऱ्याची आई वारली होती. काही दिवस तो रजेवर होता आणि परतल्यावर त्याने एका ओळीत कारण सांगून काम पुढे सुरू केले होते. त्यानंतर तो विषय पुन्हा निघाला नव्हता. मंगल, आनंद, अभिनंदन हे सारे शब्द आता त्या घराच्या उंबरठ्याशी जाऊन उभे राहणार होते.

७/
‘दिवाळीच्या शुभेच्छा’ याचे जपानी भाषांतर सहसा ‘दिवारी ओमेदेतो गोझाइमास’ असे केले जाते. पण ‘शुभेच्छा’ आणि ‘ओमेदेतो’ यांत मूलभूत फरक आहे. शुभेच्छा ही पुढच्या काळासाठी केलेली कामना आहे. ‘ओमेदेतो’ हे घडलेल्या आनंदाबद्दलचे अभिनंदन आहे. वाढदिवस, विवाह, परीक्षेतील यश आणि नवे वर्ष या प्रसंगी ते उच्चारतात. दुःखात असलेल्या माणसाला शुभेच्छा देता येते. अभिनंदन मात्र करता येत नाही.

८/
जपानमध्ये याविषयीचा संकेत स्पष्ट आहे. घरात मृत्यू झाला की पुढचे सुमारे वर्षभर ते कुटुंब ‘मोचू’, म्हणजे शोककाळात आहे असे मानतात. त्या वर्षी ते नववर्षाची अभिनंदनपत्रे पाठवीत नाहीत. नोव्हेंबरच्या सुमारास किंवा डिसेंबरच्या आरंभी ते ओळखीच्यांना एक साधे पत्र पाठवतात, की यंदा आम्ही शोकात आहोत, म्हणून नववर्षाचा नमस्कार करू शकत नाही. ज्यांना ते पत्र मिळते तेही अभिनंदन टाळतात. दिवाळी येते ती बहुधा या पत्रांच्या आधी. त्यामुळे परक्या माणसाला सावध करणारे काहीच हाती आलेले नसते. ओळखायचे ते त्याला आपणहून ओळखावे लागते.

९/
तरीही त्या वर्षी सगळे मौन पाळतात असे नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यानंतर, नववर्षाचे मंगल दिवस सरले की, ‘कान्चू मिमाइ’ नावाची पत्रे पाठवता येतात. ‘कान्चू’ म्हणजे थंडीच्या भरात आणि ‘मिमाइ’ म्हणजे विचारपूस. थंडी फार आहे, आपली प्रकृती कशी आहे, एवढेच त्यात असते. अभिनंदनाचा शब्दही नसतो, आणि तरी माणूस विसरला गेलेला नसतो. तिला नेमकी हीच जात हवी होती. दिवाळीचे अभिनंदन नको, दिवाळीच्या दिवसांतील विचारपूस हवी.

१०/
मग तिला स्वतःचे घर आठवले. ती शाळेत असताना तिची आजी गेली आणि त्या वर्षी घरात दिवाळी झाली नाही. कढई चढली नाही, करंजीचे सारण झाले नाही, दारात रांगोळी आली नाही. पण घरात फराळ नव्हता असे मात्र झाले नाही. वसुबारसेपासूनच शेजारच्या घरांतून झाकलेली ताटे येऊ लागली. कोणी चकल्या दिल्या, कोणी अनारसे. ‘हॅपी दिवाळी’ कोणी म्हणाले नाही. ‘पोरांसाठी आणलं, माय,’ एवढेच. एरवी शेजाऱ्यांचे ताट रिकामे परत पाठवणे तिच्या आईला कधी रुचले नसते. त्या वर्षी ताटे धुऊन, पुसून, रिकामीच परत गेली आणि कोणीही त्याचा हिशेब ठेवला नाही.

११/
शोकातील घरी सण करीत नाहीत, पण सण त्या घराला वगळत नाही. मराठी मुलखातील ही रीत आणि जपानी ‘मिमाइ’ यांची जात एकच आहे. फरक इतकाच की आपल्याकडे ती ताटातून व्यक्त होते आणि तिकडे पत्रातून. एवढे उमगल्यावर पहिल्या ओळीचा प्रश्न उरला. दिवाळीविषयी असे काय सांगावे, जे खरेही असेल आणि आई गमावलेल्या माणसाला सुसह्यही वाटेल?

१२/
उत्तर दिवाळीच्याच पोटात आहे, फक्त शुभेच्छापत्रांवर ते छापलेले नसते. या सणात यम वारंवार येतो. धनत्रयोदशीच्या सायंकाळी घराबाहेर दक्षिणेकडे वात करून ठेवलेला दिवा यमासाठी असतो, आणि अपमृत्यू टळावा ही त्यामागची प्रार्थना असते. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानानंतर यमतर्पण सांगितले आहे. भाऊबीजेचे शास्त्रीय नावच यमद्वितीया आहे. हाच यम जपानी लोककल्पनेत ‘एन्मा’ या नावाने मृतांचा न्याय करीत बसलेला आहे.

१३/
याहून जुना आणि आता जवळजवळ विस्मृतीत गेलेला एक विधी म्हणजे उल्कादान. उल्का म्हणजे येथे पेटती चूड, मशाल. सूर्य तूळ राशीत असताना, चतुर्दशी आणि अमावास्येच्या सायंकाळी, माणसांनी हाती चुडी घेऊन पितरांना वाट दाखवावी, असे धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी सांगितले आहे. पितृपक्षात पृथ्वीवर आलेले पितर या दिवसांत परत निघतात आणि अमावास्येच्या अंधारात त्यांना मार्ग दिसावा, ही त्यामागची कल्पना. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात दिवाळीचा जो विस्तृत परामर्श घेतला आहे, तो वाचणाऱ्याला हा सण केवळ लक्ष्मीचा राहत नाही. त्याच्या उजेडात गेलेल्यांचाही वाटा आहे.

१४/
जिल्ह्यातील बंजारा तांड्यांवर हा धागा अजून जिवंत आहे. दिग्रस आणि पुसद भागातील तांड्यांवर दिवाळीत पूर्वजांचे स्मरण करून विस्तवावर गोडाधोडाचा नैवेद्य अर्पण करतात. त्याला ‘धबुकार’ म्हणतात. आणि अमावास्येच्या रात्री कुमारिका हातात दिवा घेऊन घरोघरी फिरतात. याला ‘मेरा’ म्हणतात. घरातील प्रत्येक वडीलधाऱ्यासमोर दिवा धरून, याडी म्हणजे आई, बाप, अशा त्याच्या नात्याने त्याला संबोधून त्या दिवाळीचे अभीष्टचिंतन गातात. त्या तरुणीने लहानपणी मैत्रिणीच्या तांड्यावर हे पाहिले होते. त्या ओवाळण्यात दिवाळी म्हणजे काय ते कोणी समजावून सांगत नाही. दिवा समोर येतो आणि ज्याच्यासाठी तो आहे त्याचे नाते उच्चारले जाते, बस्स.

१५/
यातून तिला दोन ओळींचा आराखडा मिळाला. पहिली ओळ सणाची, दुसरी माणसाची. पहिलीत दिवा काय करतो ते सांगायचे, दुसरीत तो कोणासाठी लावला ते. बहुतेक शुभेच्छा फसतात त्या येथेच. दोन्ही ओळी सणालाच दिल्या जातात आणि मिळणाऱ्याला वाटते की हेच वाक्य चाळीस जणांना गेले आहे.

१६/
आता एक मोह टाळायचा होता. पितरांच्या वाटेवरचा दिवा म्हटले की जपानी माणसाला ‘ओबोन’ आठवणारच. जपानच्या बहुतेक भागांत १३ ते १६ ऑगस्ट या दिवसांत पूर्वजांचे आत्मे घरी येतात असे मानतात. पहिल्या दिवशी दाराशी स्वागताचा अग्नी पेटवतात, शेवटच्या दिवशी निरोपाचा. १६ ऑगस्टच्या रात्री क्योतोभोवतीच्या पाच डोंगरांवर पेटणारे प्रचंड अग्नी हे त्याच निरोपाचे रूप. ‘दिवाळी ही तुमच्या ओबोनसारखी आहे’ असे लिहून टाकणे सोपे होते. ते लिहिले नाही हे उत्तम झाले.

१७/
कारण दिवाळी ओबोनसारखी नाही. तिच्यात लक्ष्मी आहे, भाऊ आहे, गाय आहे, नवे पीक आहे, आणि पितर हा तिचा एक पदर आहे. शिवाय प्रत्येक जपानी घरी ओबोन सारखाच होत नाही. जोदो शिनशू हा तेथील फार मोठा बौद्ध पंथ. आत्म्यांना बोलावण्याचे आणि पोचवण्याचे अग्नी त्याच्या शिकवणीत बसत नाहीत. समोरचा माणूस कोणत्या घरचा, हे तिला ठाऊक नव्हते. त्याची रीत त्यालाच सांगणे म्हणजे न पाहिलेल्या घरात शिरणे. आपली रीत सांगावी आणि साम्य दिसलेच तर ते त्याने पाहावे.

१८/
शेवटचा प्रश्न शब्दांचा. ‘प्रकाशाचा सण’ यासाठी जपानीत ‘हिकारी नो मात्सुरी’ असे रूढ भाषांतर आहे. ‘हिकारी’ म्हणजे प्रकाश, सूर्याचा, विजेचा, कोणताही. पण दिव्याचा, खिडकीतून दिसणारा, कोणीतरी लावलेला उजेड असेल तर ‘आकारी’ हा शब्द आहे. मराठीत ‘प्रकाश’ आणि ‘दिवा लागला’ यांत जे अंतर, तेच. पणतीचा उजेड ‘आकारी’ आहे.

१९/
आणि साधेपणाविषयी एक गोष्ट, जी कोबेतच घडली. १७ जानेवारी १९९५ रोजी त्या भागात भीषण भूकंप झाला. तेथे राहणाऱ्या अनेक परदेशी लोकांना जपानीतील सूचना समजल्या नाहीत, आणि संकटात समजेल अशी सोपी भाषा हवी याची जाणीव त्यातून झाली. पुढे या प्रयत्नाला ‘यासाशी निहोंगो’ हे नाव मिळाले. लहान वाक्ये, एका वाक्यात एकच गोष्ट, अवघड शब्द टाळणे, हे त्याचे नियम. ‘यासाशी’ या उच्चाराचे दोन अर्थ आहेत आणि लिपीत ते वेगळ्या चिन्हांनी लिहितात. एक ‘सोपे’, दुसरा ‘मायाळू’. तिची जपानी मोडकीतोडकी होती, म्हणून हे नियम तिच्या पथ्यावरच पडले.

२०/
लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, दिग्रसच्या घरी उंबरठ्यावर पणत्या लावून झाल्यावर, तिने निरोप पाठवला. सर्वांना जाणाऱ्या यादीवर नाही, त्याला एकट्याला.

‘दिवारी नो योरु, चीसाना आकारी वा, नाकुनात्ता हितो नो मिची मो तेराशिमास. कोतोशि वा ओकासामा ओ ओमोत्ते, उची देमो हितोत्सु तोमोशिमाशिता.’

दिवाळीच्या रात्री लहानसा दिवा गेलेल्या माणसांची वाटही उजळतो. यंदा आपल्या आईची आठवण करून आमच्या घरीही एक लावला.

२१/
त्यात ‘ओमेदेतो’ नव्हते. सणाचा इतिहास नव्हता, लक्ष्मी नव्हती, बळीही नव्हता. प्रश्नही नव्हता, म्हणजे उत्तराचे ओझे नव्हते. भेटीची परतफेड करण्याची रीत जपानमध्ये फार कसोशीने पाळली जाते, आणि शोकातील माणसाला ती परतफेड भार वाटू शकते. हे ताट रिकामे परत आले तरी चालणार होते.

२२/
उत्तर तिसऱ्या दिवशी आले, भाऊबीज उरकून ती पुण्याच्या बसमध्ये बसली असताना. मृत्यूनंतरच्या पहिल्या ओबोनला जपानमध्ये ‘हात्सुबोन’ म्हणतात आणि त्या वर्षी अनेक घरी एक पांढरा कंदील टांगतात. आत्मा प्रथमच परत येतो, त्याला घर ओळखू यावे म्हणून. त्याने लिहिले होते की ऑगस्टमध्ये त्यांनी तो कंदील टांगला होता आणि आईला घर सापडले असावे. पुढे त्याने एवढेच विचारले होते, की दिग्रसचा तो दिवा कसा दिसतो.

तिने उंबरठ्यावरच्या पणतीचे छायाचित्र पाठवले. खाली काही लिहिले नाही.